बदललेला चेहरा फोटोत मुरवताना

लग्नाच्या ग्रुप फोटोत आजोबांचे डोळे मिटलेले असतात, म्हणून दुसऱ्या फोटोतला चेहरा फोटोशॉपमध्ये आणून बसवला जातो. मांडव पिवळ्या दिव्यांचा आणि चेहरा अंगणातल्या निळसर सावलीतला, त्यामुळे तो चिकटवल्यासारखा दिसतो. इथे ब्लेंड मोड कामी येतात. वरचा थर खालच्या थरात कसा मिसळावा, ते हे मोड ठरवतात.

आधी चेहऱ्यावर नवा थर घेऊन `Ctrl+Alt+G` दाबा, म्हणजे रंग चेहऱ्याबाहेर जाणार नाही. मोड `Color` ठेवा. आजोबांच्या मानेवरचा रंग उचलून चेहऱ्यावर फिरवा आणि थराची अपारदर्शकता 30 टक्क्यांच्या आसपास आणा. हा मोड फक्त रंग बदलतो, उजेड-अंधार तसाच राहतो. डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात मात्र वगळा, नाहीतर तेही पिवळे पडतात.

फेट्याची कपाळावरची सावली `Multiply`ने येते, कारण हा मोड फक्त गडद करतो. काळा रंग घेतला तर काजळी फासल्यासारखी दिसते; त्वचेचाच गडद तपकिरी घ्या आणि कडा मऊ ठेवा.

शेवटी `Soft Light`च्या थरावर दिव्याकडच्या गालाला अगदी फिकट पांढरा आणि दुसऱ्या गालाला काळा हात द्या. गालाला गोलाई येते.

मग फोटो क्षणभर कृष्णधवल करून पाहा. चेहरा मानेपेक्षा उजळ वाटला, तर चूक रंगाची नसून उजेडाची आहे. नाकाची सावलीच उलट्या बाजूला असेल, तर दुसरा फोटो शोधावा.