आधीच फुटलेली भिंत

२०१० साली ‘बॅटलफील्ड : बॅड कंपनी २’ हा गेम आला आणि त्यातली एक युक्ती खेळाडूंमध्ये लगेच पसरली. शत्रू राखत असलेलं यंत्र उद्ध्वस्त करायचं असतं आणि ते एखाद्या घरात असतं. आत शिरून बॉम्ब लावायचा तर दारात गोळी खायची तयारी हवी. त्यापेक्षा लांबून घराच्या भिंतींवर मारा करत राहायचं. एकेक भिंत उडत जाते, मग घर करकरू लागतं आणि शेवटी छपरासकट खाली बसतं. यंत्र ढिगाऱ्याखाली जातं. ती करकर ऐकून आतले खेळाडू खिडक्यांतून उड्या टाकायचे.

ही भिंत स्फोटानं फुटली असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे ती गेम विकत घेण्याच्या आधीच फुटलेली होती. कलाकारानं संगणकावर ती उभी केली, तिचे तुकडे पाडले आणि पुन्हा अखंड दिसेल अशी जुळवून ठेवली. ताटात थापलेली वडी ओली असतानाच तिच्यावर सुरीनं रेघा मारून ठेवतात आणि नंतर नुसतं उलथनं लावलं की वड्या सुटतात, तसाच हा प्रकार आहे. स्फोटाचं काम फक्त उलथन्याचं.

एवढा खटाटोप कशासाठी, ते समजायला गेमची घाई लक्षात घ्यावी लागते. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं उमटायची तर एका चित्रासाठी सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात आणि त्यातच सगळे खेळाडू, गोळ्या, आवाज, प्रकाश यांचा हिशेब उरकायचा असतो. त्या वेळात विटांच्या भिंतीला तडा कसा जाईल हे पदार्थविज्ञानाच्या नियमांनी सोडवत बसणं शक्य नाही. म्हणून तडे कुठे जाणार हे आधीच ठरवून टाकायचं.

ते ठरवण्याची सगळ्यात रुळलेली रीत युक्रेनियन गणितज्ञ गिऑर्गी व्होरोनॉय यांच्या नावानं ओळखली जाते. एका माळरानावर इकडेतिकडे विहिरी आहेत आणि प्रत्येक घर आपल्याला सगळ्यात जवळच्या विहिरीवर पाणी भरतं, असं समजा. कुठलं घर कुठल्या विहिरीचं हे ठरवत गेलं की माळाची आपोआप वाटणी होते आणि प्रत्येक वाट्याच्या सीमा सरळ रेषांच्या निघतात. भिंतीच्या आत असेच ठिपके विखुरतात आणि त्या सीमांवर तिला कापतात. जिथे मारा होईल असं वाटतं तिथे ठिपके दाट टाकले की तिथे चुरा बारीक पडतो आणि कडेला मोठी ढेकळं राहतात.

या रीतीचा खरा फायदा दिसण्यापलीकडचा आहे. अशा वाटणीत सपाट भिंतीचा एकही तुकडा आत वळलेला किंवा खाचेचा निघत नाही. प्रत्येक तुकडा सगळीकडून बाहेर फुगलेला असतो. दोन वस्तू एकमेकींवर आदळल्या का, हे तपासणं बिनखाचेच्या आकारांसाठी फार स्वस्तात होतं. शंभर तुकडे एकाच वेळी जमिनीवर गडगडत असताना गेम अडखळत नाही, त्याचं बरंचसं श्रेय याला जातं. शिवाय कापलेल्या आतल्या बाजूंना वेगळं रूप द्यावं लागतं. बाहेरून गिलावा आणि रंग, आत वीट. हे विसरलं तर फुटलेल्या कडेवरही बाहेरचा रंगच दिसतो आणि भिंत साबणाच्या वडीसारखी वाटते.

आता एक भिंत घेऊ : ४ मीटर लांब, ३ मीटर उंच, तुकडे ६०. म्हणजे प्रत्येक तुकडा साधारण ४५ सेंटिमीटर लांबीरुंदीचा. कोणी गोळी झाडेपर्यंत गेम हे ६० तुकडे काढतच नाही. पडद्यावर एकसंध, स्वस्तातली भिंत असते. पहिला जोराचा तडाखा बसला की एकसंध भिंत काढून तिच्या जागी तुकड्यांची भिंत ठेवली जाते आणि नेमका त्याच क्षणी धुळीचा मोठा लोट उठवला जातो. ही धूळ शोभेची नाही, अदलाबदल झाकायला लावलेला तो पडदा आहे. धूळ उशिरा उठली तर भिंत क्षणभर दचकल्यासारखी दिसते.

पण फुटणं हा या कामाचा सोपा भाग. अवघड प्रश्न त्यानंतर येतो : उरलेल्यातलं काय उभं राहायचं आणि काय पडायचं? यासाठी तुकड्यांबरोबर त्यांच्या नात्यांची एक यादी ठेवतात. हा तुकडा त्या तुकड्याला चिकटलेला, सांध्याची ताकद इतकी. तळाच्या रांगेतले आणि खांबांना टेकलेले तुकडे ‘रोवलेले’ म्हणून नोंदवलेले असतात. स्फोट झाला की जवळचे सांधे तुटतात. मग गेम रोवलेल्या तुकड्यांपासून निघतो, शाबूत सांध्यांवरून चालत जातो आणि जिथवर पोचता येतं ते सगळे तुकडे सुरक्षित मानतो. ज्यांच्यापर्यंत वाट उरली नाही ते पडतात. ही यादी बनवताना एखादा सांधा चुकून जास्त जोडला गेला तर वरचा तुकडा हवेत लटकून राहतो. अशा गेममध्ये अधांतरी विटा दिसल्या तर बहुतेक वेळा गडबड नात्यांच्या यादीत असते.

आपण खेळतोय त्या गेमची भिंत आधी फोडलेली आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. एका भिंतीच्या ठरावीक जागी ग्रेनेड टाका, भोकाची कडा नीट पाहून ठेवा. नव्या डावात त्याच भिंतीवर हातभर बाजूला टाका. कडेची वळणं तीच निघाली तर रेघा आधी मारलेल्या आहेत. तशाच दुसऱ्या घराच्या भिंतीलाही तेच भोक पडलं तर एकच साचा दोनदा वापरलाय.

या पद्धतीचं मोठं बळ इंटरनेटवरच्या सामन्यात दिसतं. भोकातून मी तुम्हाला पाहू शकत असेन तर तुमच्या पडद्यावरही ते भोक तिथेच हवं, नाहीतर माझी गोळी तुम्हाला शाबूत भिंतीतून लागल्यासारखी दिसेल. आपल्या ६० तुकड्यांच्या भिंतीत कोण जागेवर आहे आणि कोण नाही एवढंच कळवायचं तर ६० बिट पुरतात, म्हणजे आठ बाइटही नाहीत. गडगडणारा बारीक चुरा मात्र प्रत्येक खेळाडूच्या यंत्रावर आपापला पडू दिला जातो. तुमच्याकडचा विटेचा तुकडा डावीकडे गेला आणि माझ्याकडचा उजवीकडे, तरी खेळाला फरक पडत नाही, आणि काही सेकंदांनी तो चुरा गुपचूप पुसलाही जातो. ज्याच्याआड माणूस लपू शकतो असा मोठा तुकडा असेल तर ही सूट चालत नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘द फायनल्स’मध्ये स्टॉकहोमच्या एम्बार्क स्टुडिओनं म्हणूनच पडझडीचा हिशेब सर्व्हरवर नेला. तिथे कोसळलेला मजला सगळ्यांसाठी एकाच जागी पडतो आणि त्याच्यावर चढता येतं.

दुसरी वाट रेघा न मारण्याची आहे. भिंत सुरुवातीपासूनच एकसारख्या बारीक घनांची रचायची. या घनांना व्हॉक्सेल म्हणतात. स्वीडनच्या टक्सिडो लॅब्सचा ‘टिअरडाउन’ हा याचा सर्वांत पाहण्याजोगा नमुना आहे. त्यात गोळीबारापेक्षा चोऱ्या जास्त आहेत, पण घर फोडणं तितकं मोकळं दुसरीकडे क्वचितच सापडेल. त्याचा व्हॉक्सेल १० सेंटिमीटरचा आहे. आपली तीच भिंत २० सेंटिमीटर जाडीची धरली तर तिच्यात ४० गुणिले ३० गुणिले २, म्हणजे २४०० व्हॉक्सेल बसतात. प्रत्येकाच्या नावे नुसता एक आकडा ठेवायचा : इथे वीट, इथे लाकूड, इथे काहीच नाही. ७० सेंटिमीटर त्रिज्येचा स्फोट झाला की त्या गोलात येणाऱ्या सुमारे ३०० जागी ‘काहीच नाही’ लिहायचं. भोक हव्या त्या जागी, हव्या त्या आकाराचं. दोन स्फोट अर्धवट एकमेकांवर आले तरी काही बिघडत नाही.

मग हा सोपा मार्ग सगळे का घेत नाहीत? पहिलं कारण घनाच्या गणितात आहे. व्हॉक्सेल १० वरून ५ सेंटिमीटरवर आणला की त्यांची संख्या दुप्पट होत नाही, आठपट होते. २४०० चे १९,२०० होतात, तेही एका भिंतीत. त्यामुळे खडबडीत ठोकळ्यांचं रूप स्वीकारावं लागतं आणि खऱ्यासारख्या दिसणाऱ्या युद्धाच्या गेमना ते नको असतं. दुसरं कारण पुन्हा इंटरनेटचं. एवढ्या जागांची स्थिती सतत पाठवणं जड जातं. त्यापेक्षा ‘अमुक जागी, अमुक त्रिज्येचा स्फोट’ एवढंच कळवून प्रत्येक यंत्राला स्वतः हिशेब करू देणं हलकं. मात्र तो हिशेब सगळीकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखा यायला हवा. एका व्हॉक्सेलची चूक झाली तर तेवढ्यानं एखादी कमान एकीकडे उभी राहते आणि दुसरीकडे पडते.

कारण काय उभं राहायचं, या प्रश्नातून व्हॉक्सेलचीही सुटका नाही. उत्तर शोधायची रीतही तीच : जमिनीला टेकलेल्या व्हॉक्सेलपासून रंग पसरवत जायचं, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, आणि जे कोरडं राहील ते वेगळं करून पडू द्यायचं. ‘टिअरडाउन’ एवढ्यावरच थांबतो. वजन पेलवतंय का, हे तो विचारत नाही. त्यामुळे तिथे अख्खं घर कोपऱ्यातल्या एका व्हॉक्सेलवर तरंगल्यासारखं उभं राहतं आणि तो एक घालवला की सगळं एकदम खाली येतं.

वजनाचा प्रश्न विचारण्याचं धाडस ‘रेड फॅक्शन : गरिला’नं २००९ मध्ये केलं. मंगळावरच्या त्याच्या इमारतींमध्ये प्रत्येक आधारावर वरचा किती भार येतो हे खेळ चालू असतानाच मोजलं जातं आणि ताकदीपलीकडे गेला की आधार तुटतो. घण घेऊन एका बाजूचे खांब तोडले की इमारत त्याच बाजूला झुकते. पण याची किंमत ती रचणाऱ्यांनी मोजली. चित्रात शोभणाऱ्या इमारती खेळात कोणी हात न लावताच ढासळू लागल्या आणि गेमच्या डिझायनरांना खऱ्या बांधकामासारखा विचार करून खांब आणि तुळया द्याव्या लागल्या.

२०१५ च्या ‘रेनबो सिक्स सीज’नं मात्र हा प्रश्न उद्भवूच दिला नाही. तिथे खोल्यांमधल्या हलक्या भिंती गोळी लागेल तशा त्याच क्षणी कापल्या जातात, आतले लाकडी उभे दांडके उघडे पडतात आणि एका गोळीच्या भोकातूनही पलीकडचा पाय दिसतो. पण वजन पेलणारा सांगाडा कशानंही फुटत नाही. सगळ्या भिंतींची चाळण झाली तरी छत आपल्या जागी असतं.