एकाच औषधाच्या वेगवेगळ्या बाटल्या

मेडिकलच्या फडताळात लहान मुलांच्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट ड्राय सिरपचे खोके शेजारी शेजारी लावलेले असतात. एकावर २२८.५, दुसऱ्यावर ४५७, कधी तिसऱ्यावर ६४२.९. क्रोसिनच्या गोळीवरचा ५०० किंवा ६५० कुणालाही समजतो. पण हे अर्धे-पाऊण आकडे आले कुठून?

ते बेरजेतून आले आहेत. २२८.५ म्हणजे ५ मिलीमध्ये २०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि २८.५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलनिक ॲसिड. ४५७ म्हणजे ४०० अधिक ५७. ६४२.९ म्हणजे ६०० अधिक ४२.९. इथे जरा थांबायला हवे. पहिल्यातून दुसऱ्याकडे जाताना दोन्ही घटक दुप्पट झाले. तिसऱ्यात मात्र अमॉक्सिसिलिन आणखी वाढले आणि क्लॅव्ह्युलनेट चक्क कमी झाले. पहिल्या दोन्हींचे प्रमाण सातास एक, तिसऱ्याचे चौदास एक. याशिवाय १२५ अधिक ३१.२५ असे चारास एक प्रमाणाचे जुने मिश्रणही आहे. नाव तेच, पण आतला हिशेब वेगळा.

ही विविधता नुसत्या कंपन्यांच्या हौसेपायी आलेली नाही. अमॉक्सिसिलिन जंतूंची भिंत मोडते, पण काही जंतू बीटा-लॅक्टमेज नावाचे एंझाइम सोडून औषधाचेच तुकडे करतात. क्लॅव्ह्युलनेट त्या एंझाइमला अडकवून ठेवते. जंतू मारण्याची त्याची स्वतःची ताकद जेमतेम असते. ते अमॉक्सिसिलिनची ढाल आहे. बीचम या ब्रिटिश कंपनीने १९८१ मध्ये ही जोडी बाजारात आणली. त्या जुन्या सिरपमधले चारास एक मिश्रण दिवसातून तीनदा द्यावे लागे, आणि बरीच मुले जुलाबाने हैराण होत. जुलाबाचा मोठा वाटा क्लॅव्ह्युलनेटचा असतो. म्हणून पुढे सातास एक मिश्रण आले. तेही दिवसातून दोनदाच. कानाच्या संसर्गावरच्या एका तुलनेत दहा दिवसांच्या उपचारात तीनदा देण्याच्या जुन्या पद्धतीत ३४.३ टक्के मुलांना जुलाब झाले, तर दोनदाच्या पद्धतीत १४.३ टक्क्यांना.

चौदास एक मिश्रणाचे कारण आणखी वेगळे आहे. कानाच्या संसर्गातला एक महत्त्वाचा जंतू, न्यूमोकॉकस, बीटा-लॅक्टमेज बनवतच नाही. तो आपल्या भिंतीतली अमॉक्सिसिलिन चिकटण्याची जागा बदलून औषधाला दाद देईनासा होतो. त्याच्यावर ढाल वाढवून उपयोग नसतो, अमॉक्सिसिलिनच वाढवावे लागते. पण त्याच कानात हिमोफिलस किंवा मोरॅक्सेला हे एंझाइमवाले जंतूही असू शकतात, म्हणून क्लॅव्ह्युलनेट पुरेसे हवेच. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा मुलांसाठी दिवसाला प्रतिकिलो ९० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि ६.४ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलनेट सुचवले आहे. ६०० अधिक ४२.९ची बाटली नेमकी याच हिशेबाने बनली आणि अमेरिकेत तिला २००१ मध्ये मंजुरी मिळाली.

आता हा हिशेब बारा किलोच्या, दीड वर्षाच्या बाळावर मांडून पाहू. दिवसाला ९० मिलिग्रॅम प्रतिकिलो म्हणजे १०८० मिलिग्रॅम, दोन वेळांत प्रत्येकी ५४०. चौदास एकच्या सिरपने ४.५ मिली दिले की काम झाले. क्लॅव्ह्युलनेट दिवसाला साधारण ७७ मिलिग्रॅम, म्हणजे प्रतिकिलो ६.४. तेच ५४० मिलिग्रॅम ४५७च्या बाटलीतून द्यायचे तर ६.७५ मिली लागते आणि क्लॅव्ह्युलनेट प्रतिकिलो जवळजवळ १३ वर जाते. २२८.५च्या बाटलीतून द्यायचे तर एका वेळी १३.५ मिली! तीस मिलीची बाटली जेमतेम एक दिवस टिकेल. आणि २५० अधिक ६२.५चे चारास एक सिरप वापरले तर क्लॅव्ह्युलनेट प्रतिकिलो साडेबावीसपर्यंत पोचते. ते दिवसाला प्रतिकिलो दहा मिलिग्रॅमच्या पुढे गेले की जुलाबाची शक्यता वाढते, असे डॉक्टर मानतात. म्हणजे अमॉक्सिसिलिन हवे तेवढेच, तरी बाळाचे पोट बाटलीप्रमाणे वेगळे वागणार.

उलट दिशेची चूक गुपचूप होते. साधा डोस, म्हणजे प्रतिकिलो ४५ मिलिग्रॅम, देण्यासाठी चौदास एकची बाटली वापरली, तर एका वेळी सव्वादोन मिली पुरते. पण क्लॅव्ह्युलनेट प्रतिकिलो ३.२ वर येते, म्हणजे निम्म्यावर. पोट बिघडत नाही, म्हणून कुणाला शंका येत नाही. एंझाइमवाला जंतू मात्र निवांत राहू शकतो. त्यामुळेच या जास्त प्रमाणाच्या सिरपच्या माहितीपत्रकात बजावलेले असते की त्याच्या जागी २०० किंवा ४०० चे सिरप परस्पर बदलून देऊ नये.

रोजच्या गोंधळाचा दुसरा धागा बेरजेचाच. डॉक्टर मुलाच्या वजनावरून डोस काढतात तो अमॉक्सिसिलिनचा. खोक्यावर ठळक छापलेली असते ती एकूण. कुणी ५४० मिलिग्रॅम हव्या असलेल्या बाळासाठी ४५७ने भागाकार केला, तर ६.७५ऐवजी ५.९ मिली निघते आणि अमॉक्सिसिलिन साधारण आठव्या हिश्श्याने कमी पडते. त्याहून मोठी गफलत होते ती नुसते '५ मिली, दोनदा' लिहिलेल्या चिठ्ठीत. ४५७ मनात धरलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुकानात २२८.५ मिळाले, तर मुलाला निम्मे औषध जाते. उलट झाले तर दुप्पट. ड्युओ, डीएस, फोर्टे ही शेपटे यात फारशी मदत करत नाहीत. त्यांचा अर्थ कंपनीनुसार बदलू शकतो. दोन खोक्यांची खरी तुलना बाजूच्या बारीक अक्षरांतल्या 'प्रत्येक ५ मिलीमध्ये' या ओळीनेच होते.

चौदास एकचे सिरप सगळ्या दुकानांत मिळत नाही. तेव्हा काही डॉक्टर एक सुबक युक्ती वापरतात: अर्धे अमॉक्सिसिलिन सातास एकच्या सिरपमधून आणि उरलेले अर्धे साध्या अमॉक्सिसिलिनच्या सिरपमधून. आपल्या बारा किलोच्या बाळासाठी एका वेळी ४५७चे ३.४ मिली आणि ५ मिलीला २५० असलेल्या साध्या सिरपचे ५.४ मिली. बेरीज ५४०, क्लॅव्ह्युलनेट प्रतिकिलो तेच ६.४. हिशेब चोख, पण चिठ्ठीवर एकाच कुळातली दोन अँटिबायोटिक दिसल्यावर आजी विचारणारच, 'चुकून दोनदा लिहिलंय का?' दुकानदारानेही तसेच समजून एक गाळले, तर उपचार अर्धा होतो. म्हणून हे जाणून-बुजून दिले आहे, एवढे वाक्य चिठ्ठीवरच असलेले बरे.

मोठ्यांच्या गोळ्याही याच घोटाळ्यात आहेत. ३७५ म्हणजे २५० अधिक १२५, ६२५ म्हणजे ५०० अधिक १२५, आणि 'हजार'ची गोळी ८७५ अधिक १२५. तिन्हींत क्लॅव्ह्युलनेट सारखेच. ६२५ संपल्या म्हणून ३७५ च्या दोन गोळ्या एकदम घेतल्या, तर अमॉक्सिसिलिन बरोबर ५०० होते, पण क्लॅव्ह्युलनेट १२५ऐवजी २५० पोटात जाते.