दानीएल संदेष्ट्यांत का नाही?

सिंहांच्या गुहेतून सुखरूप बाहेर आलेला दानीएल ख्रिस्ती घरांत लहान मुलांनाही ठाऊक असतो. ख्रिस्ती बायबलात त्याचं पुस्तक यशया, यिर्मया, यहेज्केल या मोठ्या संदेष्ट्यांच्या पंगतीत आहे. त्यामुळे ‘यहुदी धर्मग्रंथात दानीएलचं पुस्तक कोणत्या विभागात येतं?’ असा प्रश्न पहिल्या वर्षाच्या प्रश्नमंजूषेत आला, की बरेच जण डोळे झाकून ‘संदेष्टे’ लिहितात आणि हातचा गुण घालवतात. यहुदी ग्रंथात हे पुस्तक ‘लेख’ या तिसऱ्या विभागात आहे.

या ग्रंथाला यहुदी लोक तनाख म्हणतात. तोरा म्हणजे नियमशास्त्र, नवीईम म्हणजे संदेष्टे आणि केतुवीम म्हणजे लेख, या तीन नावांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. विभाग तीन असले तरी त्यांचा मान सारखा नाही. तोरा म्हणजे मोशेच्या नावावर असलेली पाच पुस्तकं. ती चर्मपत्राच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेली असतात, सभास्थानातल्या कपाटात जपून ठेवतात आणि दर शब्बाथला क्रमाने वाचत वर्षभरात पूर्ण करतात. तोराचा भाग झाला की त्याला साजेसा एक उतारा संदेष्ट्यांमधून वाचला जातो. लेखांना या साप्ताहिक वाचनात जागा नाही. त्यातली एस्तेर, रूथ यांसारखी पुस्तकं सणावारी निघतात. एस्तेर पुरीमला, रूथ शावुओतला.

‘संदेष्टे’ या शीर्षकाखाली निव्वळ भविष्यवाणी असेल, हीही एक चुकीची समजूत. या विभागाचा पहिला अर्धा भाग चक्क इतिहासकथनाचा आहे: यहोशवा, शास्ते, शमुवेल आणि राजे. दावीद राजाची कथा इथेच येते. कोकणातले बेने इस्राएल ज्याच्या नावाने मलिदा करतात, तो एलियाहू हन्नबी, म्हणजे मराठी बायबलातला एलीया, यालाही इथेच शोधावं लागतं. त्याच्या नावाचं वेगळं पुस्तक नाही. त्याची हकिगत ‘राजे’मध्ये आहे.

मग दानीएल बाहेर का राहिला? याचं बहुतेक अभ्यासकांना पटणारं उत्तर काळाशी निगडित आहे. दानीएलची कथा घडते इ.स.पू. सहाव्या शतकातल्या बाबेलमध्ये. पण पुस्तकाच्या उत्तरार्धातले दृष्टांत अंतियोख चौथा या ग्रीक राजाच्या छळापाशी येऊन थांबतात. त्याने इ.स.पू. 167 मध्ये यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं. तिथपर्यंतचा तपशील चोख जुळतो. पुढे मात्र हा राजा समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्या दरम्यान तळ ठोकेल आणि त्याचा अंत होईल असं सांगितलं आहे. प्रत्यक्षात तो इ.स.पू. 164 मध्ये दूर पर्शियाच्या बाजूला मेला. भाकीत नेमकं जिथे चुकतं, तिथे लेखकाचा वर्तमानकाळ आहे, असं अभ्यासक धरतात. म्हणजे पुस्तकाला आजचं रूप इ.स.पू. 165च्या आसपास आलं असावं.

तोवर संदेष्ट्यांचा संग्रह जवळपास पक्का झालेला होता. त्याची साक्ष आहे बेन सिरा या यरुशलेमच्या पंडिताच्या लिखाणात. इ.स.पू. 180च्या सुमारास त्याने पूर्वजांची थोरवी गायली. त्यात यशया आहे, यिर्मया आहे, यहेज्केल आहे, ‘बारा संदेष्टे’ही आहेत, दानीएलचं नाव नाही. त्याच्या नातवाने पुढे ग्रीक भाषांतराला जोडलेल्या प्रस्तावनेत नियमशास्त्र, संदेष्टे आणि ‘इतर पुस्तकं’ असा तीन भागांचा उल्लेख येतो. तिसऱ्या भागाला अजून ठरलेलं नावसुद्धा नव्हतं. उशिरा आलेल्या पुस्तकाला जागा मिळाली ती याच सैल भागात.

परंपरेचं स्पष्टीकरण वेगळं आहे. तालमूदच्या एका उताऱ्यात दानीएलला संदेष्टा मानलेलं नाही. काही यहुदी मात्र त्याला संदेष्टाच म्हणत. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस त्यांतला एक. तेव्हा केवळ ‘तो संदेष्टा नव्हता’ एवढ्यावर प्रश्न सुटत नाही. काळाचा पुरावा अधिक वजनदार वाटतो.

प्रश्नमंजूषेत पुस्तकांची संख्याही हमखास विचारतात. तोराची 5, संदेष्ट्यांची 8, लेखांची 11, मिळून 24. प्रोटेस्टंट बायबलातल्या जुन्या करारात 39 पुस्तकं दिसतात, पण मजकूर तोच. यहुदी गणनेत बारा लघुसंदेष्टे मिळून एकच पुस्तक होतं. शमुवेल, राजे आणि इतिहास यांचे दोन-दोन भाग केलेले नसतात आणि एज्रा-नहेम्या एकत्र मोजतात.