घोगरा आवाज आणि टीएसएचचा आकडा

बाई फोन उचलतात आणि पलीकडून कुरियरवाला म्हणतो, ‘‘काका, पार्सल आलंय, गेट उघडा.’’ पहिल्यांदा घरात सगळे हसतात. मग ओळखीची माणसंही विचारू लागतात, ‘‘घसा बसलाय का गं?’’ हळद-दूध होतं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात, ज्येष्ठमधाच्या काड्या चघळून होतात. सर्दी-खोकला नसतो, तापही नसतो, पण आवाज काही महिन्यांपूर्वी होता तसा परत येत नाही. गळ्यात काहीतरी भरल्यासारखं वाटतं, आवंढा गिळताना ते जाणवतं. दुपारनंतर अंगातलं सगळं बळ कुणी काढून घेतल्यासारखा थकवा येतो.

या तीन तक्रारी सहसा तीन ठिकाणी जातात. आवाजासाठी घशाचं औषध, गळ्यातल्या भरलेपणासाठी ॲसिडिटीच्या गोळ्या आणि थकव्यासाठी टॉनिक. तिन्हींचं मूळ एकच असू शकतं. गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली असलेली थायरॉइड ग्रंथी पुरेसं हार्मोन बनवत नसेल, तर हे तिन्ही एकदम घडतं. याला हायपोथायरॉइडिझम म्हणतात. बोलीभाषेत मात्र ‘थायरॉइड झालाय’ एवढंच म्हटलं जातं. खरं तर ती ग्रंथी प्रत्येकालाच असते, बिघाड तिच्या कामात होतो.

आवाजाचा हा बदल वैद्यकाने फार पूर्वी टिपला आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी 1873 मध्ये पाच स्त्रियांचं वर्णन मांडलं. सुजट चेहरा, मंदावलेल्या हालचाली आणि जीभ तोंडात मावत नसल्यासारखं जड, घशातून येणारं बोलणं. थायरॉइडचा यात हात आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे विल्यम ऑर्ड या डॉक्टरांना अशा रुग्णांच्या त्वचेखाली बुळबुळीत, चिकट द्रव्य साचलेलं दिसलं आणि त्यावरून त्यांनी या आजाराला मिक्सिडिमा असं नाव दिलं.

आवाज का बदलतो, याचं उत्तर याच चिकट द्रव्यात आहे. ते प्रामुख्याने लांब साखळीच्या शर्करांचं बनलेलं असतं आणि पाणी धरून ठेवणं हा त्याचा स्वभाव. शरीर ते सतत बनवतं आणि सतत मोडतही असतं. थायरॉइड हार्मोन कमी पडलं की हा हिशेब बिघडतो आणि द्रव्य साचत जातं. पापण्या, हाताची बोटं, जीभ आणि स्वरयंत्र, सगळीकडे. म्हणूनच ही सूज पायावर बोट दाबल्यावर खड्डा पडणाऱ्या सुजेसारखी नसते. ती दाबली तरी तशीच राहते.

स्वरतंतूंच्या वरच्या नाजूक आवरणाखाली एक मऊ थर असतो. बाईच्या बोलण्यात हे तंतू सेकंदाला साधारण 200 वेळा थरथरतात, पुरुषाच्या बोलण्यात 100 ते 120 वेळा. त्या मऊ थरात पाणी साचलं की तंतू जड होतात आणि सावकाश हलू लागतात. सतारीवर जाड तार छेडली की खालचा सूर निघतो, तसं इथे होतं. शिवाय दोन्ही तंतूंच्या कडा नीट जुळत नाहीत, मधून हवा निसटते आणि आवाजाला खर येते. गाणाऱ्यांच्या हे आधी लक्षात येतं. वरच्या पट्टीतले सूर लागेनासे होतात, थोड्या रियाझानेही गळा दमतो. बाकीच्यांना कळायला वेळ लागतो, कारण बदल महिनोन् महिने हळूहळू होत जातो आणि आपला आवाज आपल्या कानाच्या अंगवळणी पडतो.

गळ्यातलं भरलेपण मात्र दोन वेगवेगळ्या कारणांनी येतं. एक म्हणजे जीभ आणि घशाच्या अस्तराची वर सांगितलेली सूज. अशा माणसाच्या जिभेच्या कडांवर कधी कधी दातांचे ठसे दिसतात आणि झोपेत घोरणं वाढतं. दुसरं म्हणजे खुद्द ग्रंथीच मोठी होणं. डॉक्टर म्हणूनच पाण्याचा घोट गिळायला लावून गळ्याकडे बघतात. थायरॉइडची गाठ किंवा सूज असेल, तर ती गिळताना वर सरकते.

आता रक्ततपासणी. लॅबच्या यादीत ‘थायरॉइड प्रोफाइल’ म्हणून तीन आकडे येतात, टी-3, टी-4 आणि टीएसएच. यातला टीएसएच थायरॉइडमध्ये बनतच नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतो आणि थायरॉइडला काम करायला लावतो. रक्तातलं टी-4 कमी झालं की पिट्यूटरी टीएसएच वाढवते. टी-4 जरासं घसरलं तरी टीएसएच कित्येक पटींनी चढतं, म्हणून बिघाड सुरुवातीलाच पकडायला हाच आकडा उपयोगी पडतो. बहुतेक लॅबमध्ये प्रौढांसाठी त्याची मर्यादा साधारण 0.4 ते 4 च्या आसपास छापलेली असते. थोडाफार फरक यंत्रागणिक असतो आणि गरोदरपणात मोजपट्टी वेगळी असते.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, 42 वर्षांच्या एका शिक्षिकेचं वजन 60 किलो आहे आणि वर सांगितलेल्या तिन्ही तक्रारी आहेत. डॉक्टर टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडीने टकटक करतात. पाऊल झटक्यात खाली येतं, पण परत जागेवर जायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतं. रिपोर्ट येतो. टीएसएच 48. रक्तात मोकळं असलेलं टी-4, म्हणजे फ्री टी-4, 0.4 आहे. लॅबची खालची मर्यादा 0.8. टीएसएच चढलेलं आणि टी-4 उतरलेलं, म्हणजे दोष थायरॉइडमध्येच आहे. अँटी-टीपीओ नावाची आणखी एक तपासणी भरपूर वाढलेली येते. शरीराचीच प्रतिकारयंत्रणा ग्रंथीवर उलटल्याची ती खूण. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्ये वर्णन केलेला हा आजार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

औषध एकच, लिव्होथायरॉक्सिन. पूर्ण डोस वजनाच्या किलोमागे साधारण 1.6 मायक्रोग्रॅम, म्हणजे या बाईंना रोज 100 च्या जवळपास. म्हातारपण किंवा हृदयविकार असेल, तर डॉक्टर 12.5 किंवा 25 पासून सुरू करतात, कारण एकदम वाढलेला वेग हृदयाला झेपत नाही. पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. लोक पंधरा दिवसांतच रक्त देऊन येतात आणि आकडा फारसा उतरला नाही म्हणून हवालदिल होतात. हे औषध रक्तातून निम्मं व्हायलाच सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे पातळी स्थिरावायला आणि पिट्यूटरीला ते उमगायला वेळ द्यावाच लागतो.

आठ आठवड्यांनी शिक्षिकेचं टीएसएच 14 येतं. अजून जास्तच. डोस वाढवण्याआधी डॉक्टर विचारतात, गोळी कधी घेता? ‘‘सकाळी चहाबरोबर, आणि लोहाची गोळीही तेव्हाच.’’ गडबड इथे आहे. ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर आणि चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. लोह आणि कॅल्शियम तिला आतड्यातच अडकवून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. एवढं सुधारलं की तोच डोस अनेकदा पुरतो. थकवा काही आठवड्यांत उतरू लागतो. आवाज मागाहून येतो, कारण साचलेलं द्रव्य हळूहळूच ओसरतं. त्याला काही महिने लागू शकतात.

उपचाराची ही वाट इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने 1891 मध्ये दाखवली. मेंढीच्या थायरॉइडचा अर्क त्यांनी 46 वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला त्वचेखाली टोचला आणि काही आठवड्यांतच ती पालटली. पुढे तोच अर्क ती तोंडाने घेत राहिली आणि 1919 पर्यंत, वयाच्या 74 व्या वर्षापर्यंत जगली. तिच्यासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या. आजची इवलीशी गोळी तेच काम करते.

तपासणीलाही फसवणारं एक औषध आहे आणि ते नेमकं अशाच रुग्णांच्या घरात सापडतं. थायरॉइड कमी पडला की केस गळतात. केसांसाठी दुकानातून बायोटिनच्या गोळ्या आणल्या जातात, त्यांत बऱ्याचदा 5 किंवा 10 मिलिग्रॅम बायोटिन असतं. अनेक यंत्रांमध्ये टीएसएच पकडणाऱ्या प्रथिनाला बायोटिनच जोडलेलं असतं आणि त्याच्याच आधाराने ते यंत्रातल्या कणांना चिकटतं. रक्तात आधीच भरपूर बायोटिन असेल तर ती जागा अडते, पकडलेलं टीएसएच धुऊन जातं आणि आकडा खोटा कमी येतो. टी-4 मात्र खोटं जास्त दिसतं. म्हणजे खरा आजार असूनही रिपोर्ट ‘नॉर्मल’. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं आणि डॉक्टरांना त्याबद्दल सांगावं. उपाशी राहण्याची सक्ती नाही, पण टीएसएच दिवसभरात वरखाली होतं, म्हणून दर वेळी सकाळी साधारण एकाच सुमारास रक्त द्यावं. त्या दिवशीची थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी.

नुसत्या टीएसएचवर विसंबून चुकणारी आणखी एक जागा आहे. बाळंतपणात अति रक्तस्राव झाला, तर कधी कधी पिट्यूटरीलाच इजा होते. मग टी-4 कमी असूनही टीएसएच वाढत नाही. अशा बाईला नंतर दूध आलेलं नसतं, पाळी परतलेली नसते, थकवा मात्र वर्षानुवर्षे असतो. तिच्याबाबतीत फ्री टी-4 पाहिल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. थायरॉक्सिन सुरू करण्याआधी शरीरातलं कॉर्टिसॉलही तपासावं लागतं.

उलटी चूकही होते. टीएसएच 6, फ्री टी-4 अगदी ठीक, आणि आवाज घोगरा. एवढ्या किरकोळ वाढीने आवाज बसला, असं धरून चालणं घाईचं आहे. अशी वाढ दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासली तर कित्येकदा आपोआप खाली आलेली असते. दरम्यान खरं कारण दुसरीकडेच राहून जातं. सतत मोठ्याने बोलल्यामुळे स्वरतंतूंवर आलेल्या गाठी, वर चढणारं आम्ल, थायरॉइडच्या गाठीने दाबलेली स्वरयंत्राची नस, किंवा कर्करोग.

म्हणून आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, तर रक्ताचा रिपोर्ट काहीही असो, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या. तंबाखू, मिश्री किंवा विडी-सिगारेटची सवय असेल, गळ्यात गाठ लागत असेल, घास अडकत असेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल, तर तीन आठवडेही थांबू नका.