अक्षरं पुसल्यावर मागे राहणारा रंग

फ्लेक्स छापणाऱ्याकडे गणपतीच्या तोंडावर येणारं ठरलेलं काम म्हणजे गेल्या वर्षीचा शुभेच्छाफलक. मंडळाचे अध्यक्ष बदललेले असतात, ‘शुभेच्छुक’खालची नावं बदललेली असतात आणि ‘ओपन फाइल’, म्हणजे अक्षरं, फोटो, पार्श्वभूमी सुटी असलेली मूळ फाइल, कोणाकडेच नसते. असते ती व्हॉट्सअ‍ॅपवर चार हात फिरून आलेली एक जेपीजी. तिच्यातली जुनी नावं काढून नवी टाकायची. नवी टाकणं सोपं असतं. खरं काम असतं ते जुनी काढल्यावर त्या जागी काय ठेवायचं हे.

पार्श्वभूमीत झाडं, गर्दी, दगडी भिंत असं काही असेल तर निभावून जातं. शेजारचा तुकडा उचलून तिथे डकवला तरी नजर फसते. पण असे फलक बहुधा वर केशरी आणि खाली गडद तांबडा, मध्ये एका रंगातून दुसऱ्यात अलगद उतरणारे असतात. या उतरणीला डीटीपीवाले ग्रेडियंट म्हणतात. दिसायला रिकामी असलेली ही जागाच सर्वांत अवघड. इथे क्लोन स्टॅम्प चालवला की डाग पडतात आणि त्याचं कारण साधं आहे. ग्रेडियंटमध्ये कोणत्याही दोन ओळींचा रंग सारखा नसतो. दोन बोटं वरून उचललेला तुकडा खाली आणला की तो आजूबाजूपेक्षा किंचित उजळ असतो. किंचितच, पण गुळगुळीत पृष्ठभागावर डोळा तेवढं लगेच पकडतो. कंटेंट-अवेअर फिलही शेजारच्या तुकड्यांतूनच भर घालतो, त्यामुळे त्याचेही ढगाळ पट्टे दिसतात.

म्हणून इथे उचलेगिरी सोडायची आणि रंग नव्याने मांडायचा. ग्रेडियंट म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे वरून खाली सावकाश बदलत जाणं, एवढंच. ते आकडे कुठे किती आहेत हे कळलं तर अक्षरांखाली काय होतं ते सांगता येतं.

एक फलक घेऊ. रुंदी १२०० पिक्सेल, उंची १६००, मधोमध सोनेरी अक्षरांत आठ-दहा नावं. फोटोशॉपमध्ये आयड्रॉपर घेऊन आधी त्याचा ‘सॅम्पल साइझ’ बदलायचा. एका पिक्सेलचा रंग मोजण्यात अर्थ नसतो, कारण जेपीजीत शेजारचे पिक्सेल थोडे वर-खाली असतातच. ११ बाय ११ पिक्सेलची सरासरी ठीक. आता इन्फो पॅनेल उघडून डाव्या कडेने, जिथे अक्षरं नाहीत तिथे, वरून खाली मोजत यायचं. समजा अगदी वर लाल २३६, हिरवा १२०, निळा ३० आला आणि अगदी खाली लाल १४०, हिरवा २४, निळा ३०. उतरण सरळ असती तर बरोबर मध्यावर लाल १८८ आणि हिरवा ७२ यायला हवा. प्रत्यक्षात येतो १९६ आणि ८४. म्हणजे वरचा अर्धा भाग सावकाश उतरतो, खालचा भरभर. दोन रंगांचा ग्रेडियंट ओढला असता तर मध्ये पॅच काळपट दिसला असता. तिथे तिसरा रंग हवा.

असंच मोजणं उजव्या कडेलाही करायचं. त्याच उंचीवर डावी-उजवीकडचे आकडे जुळले तर उतरण उभी आहे. नाही जुळले तर ती तिरपी आहे, किंवा मधून बाहेर पसरणारी, गोल आहे. गोल असेल तर तिचं केंद्र शोधावं लागतं आणि बहुतेक वेळा ते मूर्तीच्या किंवा नेत्याच्या डोक्यामागे असतं.

मोजताना अक्षरांच्या फार जवळ जायचं नाही. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून ते आवळते. रंगाची माहिती तर बहुधा आणखी ढोबळ, १६ बाय १६च्या भागात साठवलेली असते. त्यामुळे सोनेरी अक्षराचा पिवळेपणा त्याच्या बाहेरही सांडलेला असतो आणि कडेला बारीक लहरी उठलेल्या असतात. अक्षर निवडून पुसलं आणि त्याभोवतीची ही घाण तशीच राहिली, तर पुसलेल्या नावाचं भूत मागे उरतं, चक्क वाचता येतं. निवड किमान १६ ते २० पिक्सेल बाहेर वाढवायची. अक्षरांना सावली किंवा चकाकी असेल तर त्याहून जास्त.

आता ग्रेडियंट टूल. मूळ चित्रावर नवा लेयर, त्यात तीन थांबे: वरचा रंग शून्य टक्क्यावर, मधला पन्नासवर, खालचा शंभरवर. शिफ्ट दाबून वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत सरळ ओढायचं, म्हणजे रेषा तिरकी होत नाही. दोन सेटिंग इथे हमखास दगा देतात. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांत रंग मिसळण्याची पद्धत ‘Perceptual’ असते. ती डोळ्याला छान दिसते, पण मधले आकडे आपल्या गणिताप्रमाणे येत नाहीत. जुन्या फलकाशी जुळवायचं तर ‘Classic’ निवडावं. दुसरं म्हणजे ग्रेडियंट एडिटरमधलं ‘Smoothness’. ते शंभरावर असलं की थांब्यांजवळ उतरण वाकते, शून्यावर आणलं की सरळ राहते. ओढून झाल्यावर ४००व्या ओळीवर लाल २१६, हिरवा १०२ आणि १२००व्या ओळीवर लाल १६८, हिरवा ५४ आला पाहिजे. मूळ चित्राच्या कडेलाही त्या ओळींवर हेच आकडे असतील तर तीन थांबे पुरले. नसतील तर जिथे फरक पडतो तिथे चौथा.

या लेयरला मास्क लावून तो फक्त पुसलेल्या जागेपुरता दाखवायचा, मास्कची कड १५-२० पिक्सेल मऊ करायची. जोड बसला का हे पाहायला नुसता डोळा पुरत नाही. सर्वांत वर कर्व्ह्जचा एक तात्पुरता लेयर टाकून त्याची रेषा जवळजवळ उभी करावी. चित्र भयानक दिसतं, पण एक-दोन आकड्यांची चूकही ठसठशीत उठते. जुळवून झालं की तो लेयर काढून टाकायचा.

इथपर्यंत बरेच जण येतात आणि इथेच थांबतात. रंग तंतोतंत जुळलेला असतो, तरीही पॅच दिसतो. का? कारण तो जास्त स्वच्छ असतो. आजूबाजूच्या जेपीजीत बारीक रवाळपणा आहे, आपला तुकडा मात्र काचेसारखा. शिवाय त्याच्यात आडवे पट्टेही दिसू लागतात.

हे पट्टे समजून घेण्यासारखे आहेत. नेहमीच्या ८ बिट फाइलमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. आपल्या फलकात लाल २३६ वरून १४० वर येतो, म्हणजे ९६ पायऱ्या, आणि हिरव्याच्याही ९६च. फलक दहा फूट उंच छापला की एक पायरी सरासरी सव्वा इंच रुंद झाली. शेजारच्या दोन पायऱ्यांत फरक एका आकड्याचा, पण डोळा कडा वाढवून पाहतो: जिथे दोन छटा भेटतात तिथे उजळ बाजू आणखी उजळ आणि गडद बाजू आणखी गडद वाटते. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये हा भास नोंदवला, म्हणून त्याला माख पट्टे म्हणतात. फाइल कितीही मोठी केली तरी पायऱ्या ९६च राहतात, फक्त रुंद होतात.

यावरचा इलाज उलटा वाटेल असा आहे: गुळगुळीत दिसण्यासाठी थोडा खरखरीतपणा घालायचा. एखाद्या ओळीवर लाल खरं तर २०४.३ हवा. फाइलला फक्त २०४ किंवा २०५ लिहिता येतो. सगळ्या ओळीला २०४ दिला की पायरी तयार झाली. त्याऐवजी शंभरातल्या तीस पिक्सेलना २०५ आणि सत्तरांना २०४ असं विखरून दिलं तर डोळा त्यांची सरासरी काढतो, ती २०४.३. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ मध्ये चित्र कमी बिटांत पाठवताना त्यात मुद्दाम यादृच्छिक नॉइज मिसळण्यावर निबंध लिहिला. हेच रॉबर्ट्स पुढे इंटरनेटच्या पूर्वज असलेल्या अर्पानेटचे एक शिल्पकार ठरले. ग्रेडियंट टूलच्या पट्टीवरची ‘Dither’ची खूण हेच काम करते. ती चालू ठेवूनच ओढावं. आधी पायऱ्या पडू दिल्या आणि मग नॉइज टाकला, तर पट्टे झाकले जातात, पण सरासरीत तिथेच राहतात. १६ बिटमध्ये काम करून नॉइज टाकून शेवटी ८ बिट केलं तरी चालतं.

पण डिदरचा रवा जेमतेम एका आकड्याचा असतो. आजूबाजूशी पोत जुळवायला वेगळा नॉइज लागतो: `Filter > Noise > Add Noise`, त्यात `Gaussian` आणि `Monochromatic`. मोनोक्रोमॅटिक का, तर जेपीजीने रंगाचे बारीक ठिपके आधीच पुसून टाकलेले असतात, उरतो तो मुख्यतः उजेडाचा रवा. ती खूण काढली तर केशरीवर हिरवे-निळे कण उडतात. प्रमाण एक टक्क्याच्या आसपास सुरू करावं. तीन टक्क्यांवर पॅच वाळूसारखा दिसू लागतो. अंदाजापेक्षा मोजणं बरं. मूळ चित्राच्या स्वच्छ भागात एक आडवी, अगदी अरुंद पट्टी निवडा. आडवी अशासाठी की उतरणीचा फरक मोजमापात येऊ नये. हिस्टोग्राम पॅनेलमध्ये ‘Std Dev’ हा आकडा पाहा. तशीच पट्टी आपल्या पॅचवर निवडून तोच आकडा येईपर्यंत नॉइज कमी-जास्त करा. लेयर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट केला असेल तर प्रमाण कितीदाही बदलता येतं.

फोटोशॉप विकत न घेतलेल्यांना गिम्पमध्ये हे सगळं फुकट होतं. तिथेही ग्रेडियंट टूलला ‘Dithering’ आहे आणि नॉइजसाठी `Filters > Noise > RGB Noise`. त्यातली ‘Independent RGB’ची खूण काढली की तिन्ही रंगांना एकच रवा मिळतो.

कडेची रिकामी उभी पट्टी निवडून ती फ्री ट्रान्सफॉर्मने आडवी ताणायची, असाही एक झटपट उपाय दुकानांत चालतो. उतरण अगदी उभी असेल तर रंग बिनचूक बसतो. मात्र रव्याचा प्रत्येक कण ताणून आडवी रेघ होतो आणि पृष्ठभाग घासलेल्या पत्र्यासारखा दिसतो. ताणण्याआधी पट्टी धूसर करून नंतर नॉइज टाकला तर काम भागतं, पण तोवर ग्रेडियंट ओढूनही झाला असता.

नॉइज नेहमी शेवटी, आणि चित्र छापण्याच्या किंवा पाठवण्याच्या आकारात आणल्यावर. लहान करताना शेजारचे पिक्सेल एकत्र होतात आणि रवा विरघळतो, मोठं करताना तो फुगून ठिपके होतात. जेपीजीची प्रत कमी ठेवली तर आवळताना हाच बारीक रवा सर्वांत आधी फेकला जातो आणि पट्टे परत येतात. म्हणून ग्राहकाला मंजुरीसाठी पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावं. फ्लेक्सवर शाईच्या थेंबांचा स्वतःचा रवा असतो, तिथे नॉइज थोडा कमी पडला तरी खपतो. एलईडीच्या पडद्यावर तो खपत नाही, तिथे गडद तांबड्या भागातले पट्टे रस्त्याच्या पलीकडूनही मोजता येतात.