शेवटची सही लेखा विभागाची

नोकरी सोडताना नो ड्यूज फॉर्म हाती पडला की जो साहेब जागेवर भेटेल त्याची सही आधी घ्यायची, असं बहुतेक जण करतात. घोळ तिथेच होतो. पहिली सही आपल्या विभागप्रमुखाची हवी, कारण कामाचा चार्ज कोणाकडे दिला हे त्यालाच ठाऊक असतं. मग स्टोअर, आयटी, प्रशासन आणि त्यानंतरच लेखा विभाग. बाकीच्यांनी लिहिलेली वसुली एकत्र करून अंतिम हिशेब तोच करतो.

समजा, तुमच्या नावावरचा व्हर्नियर कॅलिपर सापडत नाही. स्टोअरकीपर सही अडवतो आणि फॉर्म आठवडाभर तिथेच पडून राहतो. याची गरज नसते. ‘व्हर्नियर कॅलिपर येणे, वसुली रु. १,२००’ असा शेरा मारून त्याने सही करावी. रक्कम अंतिम हिशेबातून वळती होते. मात्र वस्तू जुनी असेल तर नव्याची किंमत का लावली, हे जरूर विचारा. नुसतं ‘बाकी आहे’ एवढंच लिहू देऊ नका. आकडा नसलेल्या शेऱ्यावर लेखा विभाग पुढे सरकत नाही.

ग्रॅच्युइटी मात्र देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते. फॉर्मवरची एखादी सही राहिली, एवढ्यावर ती अडवता येत नाही.

पूर्ण झालेल्या फॉर्मची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.