ड्रिफ्टची गाडी शिखराच्या पलीकडे बिघडते

रेसिंग गेममध्ये वेगात वळण घेताना मागची चाकं बाहेर सरकावीत, गाडी तिरकी व्हावी आणि तरीही ती खेळणाऱ्याच्या हातात राहावी, याला ड्रिफ्ट म्हणतात. युनिटी या गेम इंजिनात नवी गाडी बनवली की ती बहुधा एकतर घसरतच नाही, नाहीतर घसरली की गर्रकन फिरून उलट्या तोंडाने उभी राहते.

कारण टायरच्या घर्षणाच्या आलेखात असतं. टायर थोडा घसरू लागला की त्याची पकड आधी वाढते, एका शिखराला पोहोचते, मग उतरते आणि खालच्या पातळीवर स्थिरावते. बाजूच्या घसरणीसाठी युनिटी सुरुवातीला जे आकडे देतं, त्यांत घसरण ०.२ असताना पकड १ असते आणि ०.५ च्या पुढे ती ०.७५ उरते.

ड्रिफ्ट हवा म्हटलं की बरेच जण stiffness कमी करतात. हा संपूर्ण आलेखाचा गुणक आहे. त्यामुळे गाडी सरळ रस्त्यावरही साबण लावल्यासारखी सरकते. खरं काम asymptoteValue मध्ये, म्हणजे शिखर ओलांडल्यावर उरणाऱ्या पकडीत आहे. मागच्या चाकांसाठी ती ०.७५ वरून ०.९ केली, तर चाकं सुटतात पण गाडी भिरकावली जात नाही.

stiffness ला हात लावायचा तो हँडब्रेक दाबलेला असतानाच, आणि फक्त मागच्या चाकांचा. समजा १ वरून ०.६ वर आणला. गाडी छान तिरकी होते. पण बटण सोडताच आकडा एका झटक्यात १ वर गेला, तर टायर अचानक रस्ता पकडतात आणि गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते. अर्ध्या सेकंदात हळूहळू परत आणला की हा हिसका जातो.

राहिलं स्टिअरिंग. कीबोर्डवर बाण दाबला की वळण शून्य किंवा पूर्ण, मधलं काही नाही. ताशी १२० किलोमीटरला पुढची चाकं एकदम ३५ अंशांत वळली, तर तेच टायर शिखर ओलांडतात आणि गाडी वळायचं सोडून सरळ जाते. त्यामुळे चाक टप्प्याटप्प्याने वळवतात आणि वेग वाढेल तशी कमाल मर्यादा १० अंशांपर्यंत खाली आणतात. नेमका दोष कुठे, हे अंदाजाने ठरवू नये. GetGroundHit मधून मिळणारा sidewaysSlip चारही चाकांसाठी पडद्यावर छापावा. पुढच्यांचा आकडा आधी ०.२ च्या पुढे गेला तर स्टिअरिंग जास्त आहे, मागच्यांचा गेला तर मागची पकड कमी पडते आहे.

ही वेगाची मर्यादा ड्रिफ्टमध्ये मात्र आडवी येते. तिरकी गाडी सावरायला उलट दिशेला भरपूर वळवावं लागतं, आणि १० अंश तिथे अपुरे पडतात. म्हणून गाडीचं तोंड आणि तिची प्रत्यक्ष दिशा यांतला कोन वाढेल, तशी ही मर्यादा पुन्हा सैल करावी लागते, तीही फक्त उलट बाजूला.